'आज सकाळचा' फोटो नेमका कधीचा?

प्रश्न: मी घणसोलीत राहते. काल सोसायटीच्या ग्रुपवर पुराच्या पाण्यात अडकलेल्या रेल्वेगाडीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आज सकाळी, बदलापूर-वांगणी दरम्यान. हजारो प्रवासी अडकले. पुढे पाठवा.' माझा भाऊ कर्जतहून रोज ठाण्याला येतो, त्यामुळे जीव टांगणीला लागला. फोटो गूगलवर टाकून पाहिला तर ढीगभर पानं आली, काही २०१९ची, काही अगदी कालची. यातली कोणती तारीख खरी धरायची, आणि का?

उत्तर: तुम्ही पाठवलेला फोटो २७ जुलै २०१९चा आहे. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस त्या दिवशी वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली होती. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दलही मदतीला आलं, दुपारपर्यंत सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले आणि पुढच्या प्रवासासाठी त्यांना कल्याणहून खास गाडी देण्यात आली. म्हणजे फोटो खरा, जागा खरी, गाडी अडकली तेही खरं. खोटा आहे तो फक्त 'आज' हा शब्द.

मी ठाण्यात वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं वाचकांकडून आलेले फोटो तपासतो आहे. जागा बरोबर आणि वर्ष चुकीचं, असे फोटो मला सगळ्यांत घातक वाटतात. परदेशातला पूर कोणी ठाण्याचा म्हणून पाठवला तर दुकानांच्या पाट्या, झाडं, रिक्षा पाहून आपल्याला लगेच खटकतं. इथे मात्र ओळखीची जागा दिसते, 'हो हो, हे वांगणीच' असं मन म्हणतं, आणि तारखेकडे लक्षच जात नाही. त्यात पाऊस दरवर्षी पडतो, उल्हास नदी भरते, गाड्या बंद पडतात. त्यामुळे 'आज' लिहिलेलं सहज पटतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: निकालात २०१९ही दिसतं आणि कालची तारीखही दिसते, मग खरं कोणतं? शोधाच्या निकालात फोटोशेजारी जी तारीख येते ती पानाची असते, फोटोची नसते. हे एकदा पक्कं लक्षात आलं की निम्मा गोंधळ मिटतो.

कालच्या तारखेचं जे पान तुम्हाला दिसलं, ते मी उघडून पाहिलं. बातमी कालचीच आहे, हवामान खात्याच्या इशाऱ्याची. पण तिच्यावर जो फोटो लावला आहे त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'संग्रहित छायाचित्र'. इशाऱ्याची बातमी द्यायची असते तेव्हा पूर अजून आलेलाच नसतो, म्हणून वृत्तपत्रं जुना फोटो लावतात आणि तसं लिहितातही. मग कोणीतरी मोबाइलवर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतं. खालची बारीक ओळ कापली जाते, वर 'आज सकाळी' जोडलं जातं आणि फोटो फिरायला लागतो. म्हणून ताजी तारीख दिसली की पान उघडा, फोटोपर्यंत जा आणि त्याखालची ओळ वाचा. 'संग्रहित', 'प्रातिनिधिक' किंवा नुसतं 'फाइल फोटो' असं काही लिहिलं असेल, तर ते पान तारखेचा पुरावा म्हणून बाजूला ठेवायचं.

याच्या उलटही घडतं, आणि त्यात जाणते लोकही फसतात. निकालात पान २०१२चं दिसतं, आणि माणूस म्हणतो, 'बघा, फोटो २०१२पासून आहे!' पान उघडलं तर बातमी भलत्याच विषयाची असते. फोटो असतो बाजूच्या पट्टीत, 'आणखी वाचा' किंवा 'ताज्या बातम्या'च्या चौकटीत. ती पट्टी जुन्या पानांवरही रोज नव्याने भरली जाते. गूगलने ते पान अलीकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा पट्टीत हा फोटो होता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून माझा नियम साधा आहे: फोटो मुख्य मजकुरात असला पाहिजे, आणि मजकूर त्या फोटोबद्दल असला पाहिजे. दोन्ही जुळलं तरच ते पान मोजायचं.

शोध कसा घ्यायचा ते आता क्रमाने सांगतो. व्हॉट्सॲपवरून फोटो येतो तेव्हा तो आकाराने लहान केलेला असतो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली माहिती, म्हणजे काढल्याची वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याचं नाव, निघून गेलेली असते. फाइलचं नाव `IMG-20250726-WA0031.jpg` असं दिसलं तर त्यातली तारीख फोटो काढल्याची समजू नका. त्या दिवशी तो तुमच्या फोनवर आला, एवढंच ती सांगते. तोच फोटो कोणी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर आतली माहिती टिकते. त्यामुळे फोटो आपणच काढला असा कोणाचा दावा असेल, तर मी त्यांच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवतो. तरीही ती माहिती बदलता येते आणि कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलंही असू शकतं, म्हणून तिला एकटीला शेवटचा शब्द मानत नाही.

फोटोवर लाल अक्षरं, बाणांची चित्रं किंवा ग्रुपचं नाव चिकटवलेलं असेल तर शोधण्याआधी तेवढा भाग कापून टाका. नाहीतर यंत्र त्या अक्षरांच्या मागे लागतं. मग गूगल लेन्समध्ये टाका आणि निकालात `Exact matches` हा भाग उघडा. लेन्स आधी 'असेच दिसणारे' फोटो दाखवतं, आणि पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो देशभरातून शेकड्यांनी निघतात. त्यांचा आपल्याला उपयोग नाही.

त्यानंतर टिनआय, ही फक्त फोटो शोधणारी साइट. याचा खजिना गूगलपेक्षा लहान आहे, पण ते सारखे दिसणारे नव्हे तर त्याच फोटोच्या प्रती शोधतं, आणि निकाल `Oldest` या क्रमाने लावता येतात. इथे दिसणारी तारीख म्हणजे टिनआयच्या यंत्राला तो फोटो त्या पानावर पहिल्यांदा सापडला तो दिवस. फोटो त्याआधी कितीतरी दिवस किंवा वर्षं तिथे असू शकतो. तिथेही काही हाती लागलं नाही तर यांडेक्स आणि बिंगवर एकेक फेरी मारतो. कधी कधी फोटो आरशासारखा उलटवलेला असतो, तेव्हा तो पुन्हा उलटवून शोधावा लागतो. गाडीवरची किंवा पाटीवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर हे लगेच कळतं.

जुनी प्रत सापडली की ती तोच फोटो आहे की त्याच जागेचा दुसरा, हे डोळ्यांनी ताडून पाहा. त्या दिवशी महालक्ष्मीचे कितीतरी फोटो निघाले, बोटीतून, हेलिकॉप्टरमधून, गावातून. झाडं आणि डोंगर सगळ्यांत सारखेच असतात, म्हणून त्यांच्याकडे पाहून ठरवायचं नाही. हलणाऱ्या गोष्टी पाहायच्या. तुमच्या फोटोत तिसऱ्या डब्याच्या दारात कोणीतरी हात बाहेर काढून उभं आहे, पाण्यावर एक फांदी तिरकी तरंगते आहे, आणि डाव्या कोपऱ्यात नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाचा अर्धा खांदा आला आहे. जुन्या प्रतीत हे तिन्ही तसेच आहेत. शिवाय त्या प्रतीत नारिंगी जाकीटवाला पूर्ण दिसतो आणि त्याच्यापुढे बोटीचं टोकही दिसतं. म्हणजे ग्रुपवरचा फोटो डावीकडून कापलेला आहे. जी प्रत जास्त दाखवते ती सहसा मूळाच्या जवळची असते. कापून टाकलेलं परत जोडता येत नाही.

यापुढचं काम शब्दांनी होतं. फोटोत काय आहे ते आता कळलं आहे, म्हणून गूगलवर असं टाइप करायचं:

```
महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी after:2019-07-26 before:2019-07-29
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. एक्सवर यासाठी `since:` आणि `until:` हे शब्द चालतात. या शोधातून त्या दिवसांत काय छापून आलं, कोणी काय टाकलं, हे समोर येतं. तुमच्या फोटोची मला मिळालेली सर्वांत जुनी प्रत २७ जुलै २०१९च्या दुपारची एक्सवरची पोस्ट आहे. तेव्हा एक्सचं नाव ट्विटर होतं.

आता ही पोस्ट मी पुरावा का मानतो? कारण सगळीकडच्या तारखा सारख्या भरवशाच्या नसतात. एक्सवरची वेळ त्यांचा सर्व्हर घालतो, टाकणाऱ्याला ती मागे नेता येत नाही. फेसबुकवर मात्र जुनी तारीख देऊन पोस्ट करण्याची सोय आहे. शिवाय पोस्टचा मजकूर नंतर बदलता येतो, म्हणून तिथे बदलांचा इतिहास उघडून पाहावा. स्वतःच्या संकेतस्थळावर तर माणूस पानाला हवी ती तारीख देऊ शकतो. बातमीचं पान महत्त्वाचं ठरत असेल तर त्याचा पत्ता जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या web.archive.org वर टाकून पाहा. तिथे पान कधी साठवलं गेलं ते त्या तिसऱ्या संस्थेने नोंदवलेलं असतं. साठवलेल्या पानाच्या पत्त्यात `20190727093000` असा चौदा अंकी आकडा येतो: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रिनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ मिळते. म्हणजे वरचा आकडा आपल्या दुपारच्या तीनचा. घटना पहाटेची असेल तेव्हा या साडेपाच तासांनी तारीखच बदलते, आणि मग 'घटना घडण्याआधीच फोटो कसा आला' असे नसते संशय निघतात.

तर, सर्वांत जुनी प्रत २७ जुलै २०१९ची. यातून नेमकं काय सिद्ध होतं? एवढंच की त्या दिवशी हा फोटो अस्तित्वात होता. 'आज सकाळी' हा दावा मोडायला तेवढं पुरेसं आहे, कारण आज सकाळी काढलेला फोटो २०१९मध्ये दिसू शकत नाही. पण तो २७ जुलैलाच काढला, हे या एका प्रतीने सिद्ध होत नाही. त्याआधीचीही प्रत कुठेतरी असू शकते. सापडलेली जुनी तारीख ही वरची मर्यादा असते: फोटो त्या दिवसाचा किंवा त्याच्या आधीचा.

आणि जुनी प्रत सापडली म्हणून तिच्याखालची ओळ खरी धरायची नाही. २०१५च्या नेपाळ भूकंपानंतर एक फोटो जगभर फिरला, छोट्या बहिणीला कुशीत घेतलेल्या लहान भावाचा. 'भूकंपातली अनाथ भावंडं' असं खाली लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो व्हिएतनामच्या हा जियांग प्रांतात २००७ साली काढलेला होता, आणि ज्या छायाचित्रकाराने काढला त्यानेच पुढे येऊन हे सांगितलं. त्याआधीही तोच फोटो म्यानमारची अनाथ मुलं म्हणून आणि सीरियातल्या युद्धाचे बळी म्हणून फिरला होता. समजा कोणी नेपाळचा दावा तपासताना मागे गेलं आणि सीरियाच्या ओळीपाशी थांबलं, तर एक खोटं खोडून दुसरं खोटं पदरात पडलं असतं. म्हणून खोडायला एक जुनी प्रत चालते, पण 'हा अमुक दिवसाचा' असं ठामपणे म्हणायला काढणारा माणूस लागतो, किंवा ज्याचं नाव खाली छापलं आहे अशी पहिली प्रसिद्धी लागते, किंवा त्याच प्रसंगाचे वेगवेगळ्या लोकांनी काढलेले फोटो एकमेकांशी जुळावे लागतात.

महालक्ष्मीच्या बाबतीत हा तिसरा मार्ग सोपा आहे. त्या दिवसाचं चित्रीकरण भरपूर आहे, वाहिन्यांचं, बचाव पथकांचं, प्रवाशांनी डब्यातून केलेलं. तुमच्या फोटोतल्या गाडीची ठेवण, मागची झाडांची ओळ आणि पाण्याची डब्याच्या पायऱ्यांपर्यंतची पातळी त्या चित्रीकरणाशी जुळते. म्हणून मी सुरुवातीलाच ठामपणे २७ जुलै २०१९ म्हणालो. नुसती ती दुपारची पोस्ट हातात असती तर 'किमान २०१९पासूनचा' एवढंच लिहिलं असतं.

कधी कधी शोधात काहीच मिळत नाही. कळव्याच्या गल्लीतला फोटो, कोपरखैरण्याच्या एखाद्या सोसायटीतला फोटो, असे फोटो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच राहतात, आणि तिथलं काहीही शोधयंत्रांना दिसत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचंही थोडंच दिसतं. म्हणून 'कुठे सापडला नाही, म्हणजे नवा आहे' हा निष्कर्ष काढू नका. त्यातून नवा की जुना काहीच कळत नाही. तेव्हा फोटोच्या आत पाहावं लागतं, आणि त्यासाठी इथे राहणाऱ्यांसारखे तपासनीस दुसरे नाहीत. ठाणे स्थानकात एसी लोकलमध्ये प्रवासी चढताना दिसले तर फोटो २०२०च्या आधीचा नाही, कारण ठाणे-वाशी-पनवेल मार्गावर ती जानेवारी २०२०च्या अखेरीस पहिल्यांदा धावली. बेलापूरच्या मेट्रोत प्रवासी बसलेले दिसले तर फोटो १७ नोव्हेंबर २०२३च्या आधीचा नाही. पण इथे जपून राहा. मेट्रोचा पूल आणि खांब कितीतरी आधीपासून उभे होते, रिकाम्या गाडीच्या चाचण्याही होत होत्या, म्हणून नुसती रुळावर गाडी दिसली तर त्यावरून तारीख ठरत नाही. निवडणुकीचे फलक, सिनेमाची पोस्टर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर यांचा मला फार उपयोग होतो, कारण त्यांच्यावर बहुधा तारीखच छापलेली असते. फोटो मोठा करून ती वाचायचा प्रयत्न करा.

या खुणा खालची मर्यादा देतात, म्हणजे 'याच्या आधीचा नाही'. जुनी प्रत वरची मर्यादा देते. दोन्ही मिळाल्या तर फोटो त्या दोन तारखांच्या मधे सापडतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. एकच मिळाली तर तेवढंच सांगावं.

राहिला भावाचा प्रश्न. फोटो जुना निघाला म्हणजे वांगणीला आज पाणी नाही, असं मुळीच होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. ग्रुपवर कोणीतरी 'फेक आहे' एवढं लिहितं आणि खराच पूर आलेला असला तरी लोक निर्धास्त होतात. जुलै २०२१मध्ये याच भागात, अंबरनाथच्या पुढे लोणावळ्यापर्यंत आणि कसाऱ्याच्या बाजूलाही, पाण्यामुळे गाड्या बंद ठेवाव्या लागल्या होत्या. अशा दिवशी २०१९चा फोटो फिरला असता तर फोटो जुना आणि धोका खरा, अशी स्थिती झाली असती. गाड्या चालू आहेत का ते मध्य रेल्वेच्या अधिकृत खात्यावर पाहा, पाण्याबद्दल जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला विचारा, आणि सगळ्यांत आधी भावाला फोन करा.

ग्रुपवर उत्तर देताना नुसतं 'खोटं आहे' लिहू नका, ज्याने पाठवलं त्याला ते लागतं आणि वाद सुरू होतो. मी असतो तर असं लिहिलं असतं: 'हा फोटो २७ जुलै २०१९चा, महालक्ष्मी एक्स्प्रेसचा आहे. त्या दिवशीची ही लिंक. आज कर्जत मार्गाची स्थिती मध्य रेल्वेच्या खात्यावर पाहिली, ती अशी आहे, वेळ अमुक.' शेवटची वेळ आवर्जून घाला, कारण तुमचा हा मेसेजही उद्या कोणीतरी पुढे पाठवणार आहे.